पाकिटातल्या दोन गोळ्या

प्रश्न : वय ५४. अडीच महिन्यांपूर्वी हार्ट अटॅक आला, एक स्टेंट बसवला. आता छातीत दुखत नाही, रोज दोन मजले जिना चढतो. पण रात्री जवळ गेलो की बायको माझ्या छातीवर हात ठेवून धडधड बघत बसते, मग दोघंही मागे सरतो. पूर्वीसारखं जमतही नाही. मित्राने त्यासाठी एक गोळी दिलीय. ती पाकिटात आहे, दुखलं तर जिभेखाली ठेवायच्या गोळीशेजारी. संबंध ठेवल्याने पुन्हा अटॅक येईल का?

उत्तर : मित्राची गोळी आत्ता, या क्षणी पाकिटातून काढा. तुमचं पत्र वाचताना माझ्या पोटात गोळा आला तो त्या एका ओळीने. तुम्ही ती जाता जाता लिहून टाकलीत.

असल्या गोळीत बहुधा सिल्डेनाफिल किंवा टॅडालाफिल असतं. त्याने रक्तवाहिन्या सैलावतात. जिभेखालची गोळी नायट्रेटची. तिनेही रक्तवाहिन्याच सैलावतात. समजा रात्री दहाला मित्राची गोळी घेतलीत, अकराला छाती भरून आली आणि सवयीने दुसरी जिभेखाली ठेवलीत. रक्तदाब एकदम कोसळेल, डोळ्यांपुढे अंधारी येईल आणि जिथे स्टेंट बसवलाय त्या हृदयालाच रक्त कमी पडेल. सिल्डेनाफिलनंतर निदान २४ तास आणि टॅडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट चालत नाही. रोजच्या औषधांत नायट्रेट असेल, तर ही गोळी तुमच्यासाठी नाहीच. आणि कधी घेतलेली असताना छातीत दुखलंच, तर जिभेखाली काही न ठेवता तडक हॉस्पिटल गाठा. दारातच सांगा, कुठली गोळी किती वाजता घेतली. तिथे लाजलात तर डॉक्टर नायट्रेटच देतील.

आता श्रमाचं. नेहमीच्या जोडीदाराबरोबरच्या संबंधाला साधारण दोन मजले भरभर चढण्याइतके श्रम पडतात, तेही थोडा वेळ. तुम्ही रोज चढता ते रमतगमत की भरभर? उद्या भरभर चढा, बायकोला बरोबर घ्या. छाती भरून आली नाही, बोलता न येण्याइतका दम लागला नाही, चक्कर आली नाही, तर तेवढे श्रम हृदय पेलतंय. त्रास झाला तर तिथेच थांबा आणि स्ट्रेस टेस्ट होईपर्यंत संबंध नकोत. धडधड वाढणं म्हणजे अटॅक नव्हे, ती जिन्यावरही वाढते. हे तिच्या हाताला तिथेच कळू दे. माझा जीव खरं तर तिच्यासाठी तुटतो. रोज रात्री ती एकटी पहारा देतेय.

न जमण्यामागे भीती असेल, अटॅकनंतरचं एखादं औषध असेल, रक्तवाहिन्यांचा आजारही असेल. मनाने औषध बंद करू नका. या आठवड्यात हृदयाच्या डॉक्टरांकडे दोघंही जा. सगळी औषधं आणि मित्राची गोळी टेबलावर ठेवा आणि विचारा, "यातलं काय चालेल?" तुमची जीभ अडखळली, तर तिला विचारू द्या.