फॅक्टशीटचा फोटो पाहून आलेले प्रश्न

प्रश्न : सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर एका फ्लेक्सी कॅप म्युच्युअल फंडाच्या मार्च २०२५च्या फॅक्टशीटचा, म्हणजे मासिक माहितीपत्रकाचा, फोटो आला. पाच वर्षांचा परतावा वार्षिक २२ टक्के आहे; त्याखालची ओळ फोटोत कापली गेली आहे. मुदत ठेव मोडून पैसे त्यात घालावेत का?

उत्तर : केवळ या आकड्याच्या आधारे मुळीच नाही. पाच वर्षांचा परतावा म्हणजे दोन तारखांच्या एनएव्हीमधील, म्हणजे फंडाच्या एका युनिटच्या किमतीतील, वाढ चक्रवाढ दराने मांडलेली असते, आणि त्या दोहोंपैकी पहिली तारीख फोटोत सहसा दिसतही नाही. आपल्या फोटोच्या बाबतीत ती मार्च २०२०ची अखेर आहे, म्हणजे कोरोनाच्या धसक्याने बाजार कोसळल्यानंतरची.

फंड क्षणभर बाजूला ठेवून नुसता निफ्टी ५० पाहू. ३१ मार्च २०२० रोजी तो ८,५९८ च्या आसपास होता आणि २८ मार्च २०२५ रोजी, म्हणजे त्या महिन्याच्या शेवटच्या व्यवहाराच्या दिवशी, २३,५१९ वर बंद झाला. ही वाढ वार्षिक सुमारे २२.३ टक्के होते. आता दोन महिने मागे जाऊन जानेवारी २०२५च्या फॅक्टशीटचा विचार करा. ३१ जानेवारी २०२० रोजी निफ्टी ११,९६२ होता आणि ३१ जानेवारी २०२५ रोजी २३,५०८. हा हिशेब वार्षिक साडेचौदा टक्क्यांवर येतो. दोन्ही हिशेबांतील अखेरच्या निफ्टीत जेमतेम ११ अंकांचा फरक आहे; परताव्यातील जवळजवळ आठ टक्क्यांची तफावत केवळ आरंभाची तारीख घसरणीपूर्वीची की नंतरची, यातून आलेली आहे.

यातून आणखी एक गोष्ट निघते. मार्चच्या हिशेबातले निफ्टीचे २२.३ टक्के लाभांश न धरता काढलेले आहेत, तरीही ते आपल्या फंडाच्या २२ टक्क्यांहून किंचित वरच आहेत. ज्या फंडाचा परतावा पाहून मुदत ठेव मोडण्याचा विचार आपल्या मनात आला, तो त्या काळात निफ्टीच्या बरोबरीलाही पोहोचलेला नाही. फोटो कापताना नेमकी बेंचमार्कची, म्हणजे फंडाची तुलना ज्या निर्देशांकाशी करतात त्याची, ओळ गेली, हा योगायोग असेलही. पण मूळ पान मागवून ती ओळ पाहावी. ठेवीतली रक्कम पुढच्या तीन-चार वर्षांत लागणार असेल, तर जानेवारी ते मार्च २०२० या दोन महिन्यांत निफ्टी २८ टक्के खाली आला होता, हे विसरू नये.

प्रश्न : फॅक्टशीटवर परतावा १४ टक्के आणि एक्स्पेन्स रेशो १.८ टक्के दिला आहे. म्हणजे हातात १२.२ टक्केच येतील ना?

उत्तर : नाही. खर्च आधीच वजा झालेला असतो. एक्स्पेन्स रेशो वार्षिक टक्केवारीत सांगितला जात असला, तरी त्याचा साधारण ३६५वा भाग दररोज फंडाच्या मालमत्तेतून वळता होतो आणि उरलेल्या रकमेवर एनएव्ही जाहीर होते. परतावा एनएव्हीवरून काढलेला असल्याने १४ टक्के हा खर्चानंतरचाच आकडा आहे. त्यातून आपला कर आणि लागू असल्यास एक्झिट लोड, म्हणजे लवकर बाहेर पडल्याचा आकार, मात्र वजा झालेला नसतो. फंड तोट्यात असला तरी ही रोजची वजावट थांबत नाही.

पाहायचे ते असे, की १.८ टक्के हा वितरकामार्फत घेतलेल्या रेग्युलर प्लॅनचा खर्च असून त्याच पानावर थेट फंड कंपनीकडून घेतलेल्या डायरेक्ट प्लॅनचा खर्च वेगळा दिलेला असतो. समजा तो ०.८ टक्के आहे. दोन्ही प्लॅनचे शेअर एकच, व्यवस्थापकही एकच. फरक प्रामुख्याने वितरकाच्या कमिशनचा. खर्चापूर्वी वार्षिक १२ टक्के मिळाले असे गृहीत धरले, तर १ लाख रुपयांचे १५ वर्षांनी डायरेक्टमध्ये सुमारे ४ लाख ९२ हजार आणि रेग्युलरमध्ये सुमारे ४ लाख २९ हजार होतात. जो वितरक पडत्या बाजारात आपल्याला घाबरून विक्री करू देत नाही, त्याने हे ६३ हजार कमावले असे माझे मत आहे. जो फक्त फोटो पाठवतो, त्याने नाही. तक्त्यातला परतावा कोणत्या प्लॅनचा आहे, हे तक्त्याच्या शीर्षकात किंवा खालच्या बारीक टिपेत सापडते. डायरेक्ट प्लॅन १ जानेवारी २०१३ पासूनच अस्तित्वात आल्यामुळे त्याआधीचा कोणताही परतावा रेग्युलरचाच असतो.

प्रश्न : माझ्या फंडाने एक, तीन आणि पाच अशा तिन्ही मुदतींत बेंचमार्कला मागे टाकले आहे. यापेक्षा आणखी कोणता पुरावा हवा?

उत्तर : हे तीन पुरावे वाटतात, पण एकच असू शकतो, कारण तिन्ही मुदती एकाच दिवशी संपतात. बेंचमार्कने पाचही वर्षे १२ टक्के दिले आणि फंडानेही पहिली चार वर्षे तेवढेच देऊन शेवटच्या वर्षी २२ टक्के दिले, असे समजा. तक्त्यात फंडासमोर एक वर्षासाठी २२, तीन वर्षांसाठी १५.२ आणि पाच वर्षांसाठी १३.९ टक्के छापले जातील आणि बेंचमार्कसमोर तिन्ही ठिकाणी १२. वास्तविक त्याने बाजी मारली ती एकाच वर्षी. म्हणून प्रत्येक वर्षाचा परतावा सुटा पाहावा, किंवा रोज नवी सुरुवात धरून काढलेला रोलिंग परतावा पाहावा. फॅक्टशीटमध्ये तो नसेल, तर जुन्या वर्षांची फॅक्टशीट फंड कंपनीच्या संकेतस्थळावर मिळतात.

तुलना कोणाशी केली आहे, तेही तपासावे. फ्लेक्सी कॅप फंड लहान-मोठ्या सर्व आकारांच्या कंपन्यांत गुंतवत असल्याने त्यासाठी निफ्टी ५०० टीआरआय हा योग्य बेंचमार्क आहे. त्याच्याखाली अतिरिक्त बेंचमार्क म्हणून निफ्टी ५० किंवा सेन्सेक्स दिलेला असतो. मिडकॅप शेअर तेजीत असताना या दुसऱ्या ओळीला हरवणे फारसे अवघड नसते. टीआरआय या अक्षरांचा अर्थ लाभांश धरून मोजलेला निर्देशांक, आणि सेबीने फेब्रुवारी २०१८पासून तोच वापरणे बंधनकारक केले आहे. कोणाच्या खासगी पत्रकात ही अक्षरे नसतील, तर बेंचमार्कचा परतावा वर्षाला एखाद-दीड टक्क्याने कमी दाखवलेला असण्याची शक्यता आहे.

प्रश्न : निफ्टी इंडेक्स फंड आणि स्मॉल कॅप फंड, दोन्हींच्या रिस्कोमीटरचा काटा ‘व्हेरी हाय’वर आहे. जोखीम सारखीच समजायची का?

उत्तर : नाही. सहा पायऱ्यांच्या या मापात शेअरचे जवळजवळ सर्वच फंड शेवटच्या पायरीवर जातात, त्यामुळे त्यांच्यातला फरक काट्यावरून कळत नाही. त्यासाठी त्याच पानावरचे स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे परतावा सरासरीपासून किती वरखाली होतो याचे माप, पाहावे. दोन्ही फंडांचा आकडा एकाच महिन्याचा असला, तर मोठा आकडा अधिक चढउताराचा.

रिस्कोमीटर खरा उपयोगी पडतो तो डेट, म्हणजे कर्जरोख्यांत गुंतवणाऱ्या, फंडांत, पण तिथेही तो महिनाअखेरीस असलेल्या रोख्यांवरून ठरतो आणि रोखे बदलले की बदलतो. फंडाला जास्तीत जास्त किती जोखीम घेण्याची मुभा आहे, हे डिसेंबर २०२१पासून शेजारच्या नऊ चौकटींच्या तक्त्यात दाखवले जाते : ए, बी, सी ही कर्ज बुडण्याच्या जोखमीची चढती श्रेणी आणि एक, दोन, तीन ही व्याजदराच्या जोखमीची. काटा आज ‘मॉडरेट’वर आणि खूण सी-तीनच्या चौकटीत असेल, तर व्यवस्थापक उद्या कमी पतीचे, लांब मुदतीचे रोखे घेऊ शकतो, आणि फॅक्टशीटमध्ये ते दिसेल ते पुढच्या महिन्यात.