४० हजारांत ब्रँड किती, विक्रीच्या जाहिराती किती?

प्रश्न: पुण्यात लाकडी घाण्याचं तेल घरपोच देतो. महिन्याला ४० हजार मेटा आणि गूगलवर जातात, रोआस ४ दिसतो, पण वर्षभर विक्री तिथेच आहे. ब्रँडिंगला पैसे काढावेत का? किती?

उत्तर: काढा, पण आधी तो ४, म्हणजे जाहिरातीच्या एका रुपयामागे दिसणारी चार रुपयांची विक्री, फोडून बघा. समजा, साइटवर येऊन गेलेल्यांना पुन्हा दाखवलेल्या जाहिरातींवर १२ हजार गेले आणि ८० हजारांची विक्री दिसली. गूगलवर तुमचंच नाव शोधणाऱ्यांवर ४ हजार गेले, ४० हजार आले. उरलेले २४ हजार नवख्या लोकांवर गेले, तिथेही ४० हजारच आले. म्हणजे नव्या गिऱ्हाइकाचा रोआस जेमतेम १.७. पहिल्या दोन गटांतले बरेच जण तसेही तेल घेणारच होते, म्हणून एकूण आकडा चांगला दिसतो आणि विक्री हलत नाही.

ईबेने २०१२ मध्ये अमेरिकेत याहू आणि बिंगवर स्वतःच्या नावाच्या जाहिराती थांबवून पाहिल्या, तर जवळजवळ सगळे लोक खालच्या फुकटच्या लिंकवरून आले. तुम्हीही दोन-तीन आठवडे थांबवून बघा. मात्र तुमच्या नावावर दुसरा कुणी तेलवाला बोली लावत असेल, तर ती जाहिरात चालू ठेवा.

तर ब्रँडचे पैसे इथून काढायचे. नावाचे ४ हजार आणि पुन्हा दाखवण्यातले ७ हजार मिळून ११ हजार होतात. नवख्यांच्या २४ हजारांना हात लावू नका; तेही एकाच अ‍ॅड सेटमध्ये ठेवा, कारण आठवड्याला साधारण ५० खरेद्या झाल्याशिवाय मेटाची लर्निंग फेज, म्हणजे जाहिरात कुणाला दाखवायची हे शिकण्याचा टप्पा, नीट संपत नाही. जाहिरातींचे अभ्यासक बिनेट आणि फील्ड यांचं ६० टक्के ब्रँडला, ४० टक्के विक्रीला हे प्रमाण ऐकलं असेल. ते मुख्यतः मोठ्या ब्रँडच्या मोहिमांवरून काढलेलं सरासरी प्रमाण आहे, ४० हजारांना ते जसंच्या तसं लावू नये.

हे ११ हजार पुणेभर पसरले तर कुणाच्याच लक्षात राहणार नाहीत. कोथरूड, कर्वेनगर, वारजे एवढाच पट्टा घ्या आणि तिथे अवेअरनेस उद्दिष्टात रीच निवडून घाण्यावरचा एकच व्हिडिओ, तोच रंग, तीच बाटली सहा महिने दाखवा. जूनमध्ये सुरू केलंत तर फराळाच्या तेलखरेदीपर्यंत नाव ओळखीचं झालेलं असेल.

याचा रोआस अ‍ॅड्स मॅनेजरमध्ये शोधू नका. तिथे नेहमीच्या सेटिंगला क्लिकनंतरचे सात आणि नुसतं पाहिल्यानंतरचा एकच दिवस मोजतात. जूनमध्ये व्हिडिओ पाहून दिवाळीत आलेली ऑर्डर त्यात येणार नाही. त्याऐवजी पिनकोडनुसार पहिल्यांदाच घेणाऱ्यांच्या ऑर्डर लिहून ठेवा. हडपसर-मगरपट्ट्यात ब्रँडची जाहिरात न करता बाकी सगळं सारखं ठेवा, म्हणजे तुलना करता येईल. गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये तुमच्या नावाचे शोध वाढतात का, तेही महिन्याला पाहा. आकडे लहान असल्याने एका महिन्यावरून काही ठरवू नका. चौथ्या-पाचव्या महिन्यातही दोन्ही भाग सारखेच चालले, तर आधी व्हिडिओ बदला, प्रमाण नंतर.

एक मात्र आधी तपासा: पहिली बाटली घेतलेल्यांपैकी किती जण तीन महिन्यांत परत येतात? फारच थोडे येत असतील, तर हे ११ हजार सध्या जाहिरातीत घालू नका. न आलेल्यांना फोन करून कारण विचारा.