नाव झाकलं, कॉलेज झाकलं. पण गठ्ठ्यात अर्ज कुणाचे?

*मुलगी बीसीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, सीजीपीए 7.6. कॉलेज आमच्या भागातलं, लहान. वेर्ण्याच्या एका कंपनीने जाहिरातीत लिहिलंय की नाव, फोटो आणि कॉलेज न बघता पहिली निवड करणार. ती म्हणते, कॉलेजचा प्रश्नच मिटला, थेट नोकरी धरते. माझं म्हणणं, सहा लाखांचं कर्ज काढून पुण्यातल्या नावाजलेल्या कॉलेजातून एमसीए करावं. तोवर तिच्या रेझ्युमेतून आडनाव, गाव आणि मराठी प्राथमिक शाळा मी काढायला लावली. त्यावरून घरात अबोला आहे. कोण बरोबर?*
*— एक वडील, वाळपई*

आडनाव आजच्या आज परत घालायला सांगा. रेझ्युमेतलं नाव गुणपत्रिकेवरच्या नावाशी जुळलं नाही, तर कागदपत्रांच्या तपासणीत तिलाच खुलासे द्यावे लागतील. प्राथमिक शाळा पदवीधराच्या रेझ्युमेत तशीही कुणी लिहीत नाही, आणि गावाचा पूर्ण पत्ता लागत नाही, ‘वाळपई, गोवा’ पुरे. म्हणजे काढलेल्यातलं निम्मं जागा वाचवायला म्हणून योग्यच होतं. तुमचं कारण मात्र वेगळं होतं, आणि ते तिला कळलंय. आपण जिथून आलो ते लपवण्यासारखं आहे, हे कंपनीने नव्हे, घरातून तिला सांगितलं गेलं. अबोला मला तरी त्याचाच वाटतो, एमसीएचा नव्हे.

तुमची भीती निराधार आहे असं मात्र मी म्हणणार नाही. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल या संशोधकांनी भारतात वर्तमानपत्रांतल्या नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या नावांनी पाठवले होते. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढे बोलावलं जाण्याची शक्यता साधारण दोन तृतीयांश निघाली आणि मुस्लिम नावाला एक तृतीयांश. पात्रता तीच, फरक फक्त नावाचा. आपल्या गोव्यात तर आडनाव वाचलं की धर्म कळतो आणि पुष्कळदा गावही. नाव झाकून पहिली चाळणी लावण्याचा उपाय नेमका याच ठिकाणी काम करतो. पण झाकायचं काम कंपनीचं आहे. अर्जदाराने स्वतःच नाव गाळलं तर तो अर्ज फक्त अर्धवट दिसतो.

आता मुलीचा गैरसमज, कारण तो तुमच्यापेक्षा मोठा आहे. कॉलेजचं नाव अर्ज वाचतानाच आड येतं, असं ती धरून चालली आहे. प्रत्यक्षात ते त्याच्या बरंच आधी काम करून मोकळं झालेलं असतं. कॅम्पस भरतीला कुठल्या कॉलेजात जायचं, हे कंपनी कुणाचाही रेझ्युमे न बघता ठरवते. आतल्या कर्मचाऱ्याच्या ओळखीने आलेले अर्ज अनेकदा चाळणीला वळसा घालून थेट मुलाखतीला जातात. जो अर्ज गठ्ठ्यात आलाच नाही, त्याचं नाव झाकून काय उपयोग? शिवाय निकष तेच राहतात. ‘सहा महिन्यांची इंटर्नशिप हवी’ अशी अट असेल आणि इंटर्नशिपा मोठ्या कॉलेजांतच वाटल्या जात असतील, तर कॉलेज झाकूनही निकाल जवळपास तोच लागतो. आणि मुलाखतीत नाव, चेहरा, बोलण्याची ढब, सगळं समोर येतंच.

झाकण्याने कधी तोटाही होतो. फ्रान्समध्ये 2010-11 साली सरकारी रोजगार सेवेने असा प्रयोग केला. निनावी अर्जांमुळे स्थलांतरित पार्श्वभूमीच्या उमेदवारांना मुलाखतीची संधी वाढण्याऐवजी घटली. प्रयोगात आपणहून उतरलेल्या कंपन्या मुळातच अशा उमेदवारांकडे सहानुभूतीने बघणाऱ्या होत्या, हे एक कारण. दुसरं असं की परिस्थिती ठाऊक असताना रेझ्युमेतली उणीव माफ होते. परिस्थिती झाकली की तीच उणीव उमेदवाराची वाटते. तुमच्या मुलीचे 7.6 त्यात बसतात. लहान कॉलेज, मोजके शिक्षक, प्रयोगशाळेत अपुरी यंत्रं, हे काहीच न दिसता 7.6 हा नुसता आकडा उरतो, आणि शेजारी कुणाचे तरी 8.4 असतात.

म्हणून तिच्या रेझ्युमेची प्रत्येक ओळ कॉलेजच्या आधाराशिवाय उभी राहिली पाहिजे. समजा, तिने शेवटच्या वर्षी दोन मैत्रिणींबरोबर फेरीबोटीच्या वेळा दाखवणारं ॲप केलं आणि लिहिलं, ‘कॉलेज प्रकल्प: फेरीबोट ॲप, प्रथम क्रमांक’. कॉलेज झाकलं की ‘प्रथम क्रमांक’ कुणात, हे कळत नाही. ओळ तिथेच मेली. त्याऐवजी असं: ‘तिघींच्या गटात डेटाबेसचं काम माझं. चार धक्क्यांवरच्या वेळा प्रत्यक्ष जाऊन नोंदवल्या. वेळ बदलली की जुनी नोंद न पुसता नवी जोडली जाते. मोबाइलला रेंज नसताना शेवटच्या साठवलेल्या वेळा दिसतात.’ काय केलं, त्यातलं स्वतःचं किती आणि अडचण कशी सोडवली, हे वाचणाऱ्याला कळतं. अर्थात तिने जे खरोखर केलंय तेवढंच लिहायचं. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच येतो.

कॉलेज आणि नाव कुठून कुठून झिरपतं, तेही बघा. अर्जाला नावाऐवजी आयडी देणारं सॉफ्टवेअर वरचं नाव काढतं, पण ईमेलचा पत्ता, गिटहबची लिंक, ‘अमुक कॉलेजच्या एनएसएस पथकाची प्रमुख’ अशी मजकुरातली ओळ राहून जाऊ शकते. ॲमेझॉनने प्रायोगिक तत्त्वावर बनवलेली रेझ्युमे पारखणारी यंत्रणा ‘महिला’ शब्द असलेल्या रेझ्युमेंना खालचे गुण देत होती, हे 2018 मध्ये बातमीतून बाहेर आलं. ‘महिला बुद्धिबळ क्लबची कप्तान’ एवढंही त्या यंत्रणेला पुरत होतं. फाइलच्या गुणधर्मांतही लेखकाचं नाव असतं. वर्डमध्ये `File > Info > Check for Issues > Inspect Document` इथून ते काढता येतं. या कंपनीसाठी एवढं करावं. इतरांसाठी गरज नाही.

कंपनीची जाहिरात खरी की शोभेची, हे तिने एका ईमेलने विचारावं. नाव कोण झाकतं आणि कोणत्या टप्प्यावर उघडतं? गुण देण्याचा तक्ता आधीच ठरलेला आहे का? मुलाखतीआधी सगळ्यांना एकच कामाची चाचणी आहे का? माझ्या मते तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांत मोलाचं, कारण छोट्या कॉलेजच्या मुलीला स्वतःचं काम दाखवायची संधी चाचणीतच मिळते. अर्जातच फोटो आणि लिंक्डइन सक्तीचं असेल तर जाहिरातीकडे दुर्लक्ष करून नेहमीसारखा अर्ज करावा.

एमसीएचं थोडक्यात: प्रवेशासाठी एनआयटीला निमसेट परीक्षा, महाराष्ट्रात सीईटी, गोवा विद्यापीठाची स्वतःची प्रक्रिया. सहा लाख मात्र नावासाठी देऊ नका. त्या कॉलेजात मागच्या वर्षी एमसीएच्या कुठल्या कंपन्या आल्या, किती जणांना घेतलं आणि सरासरी नव्हे तर मधला पगार किती, हे लेखी मागा. टाळाटाळ झाली तर कर्ज काढू नका. आणि हे विचारायचं पत्र मुलीला लिहू द्या. कर्ज फेडायचं तिच्याच पगारातून आहे.