तळाशी छापलेल्या वर्षावर विसंबू नका
इंदूरहून भोपाळच्या गाड्या शोधताना संकेतस्थळाच्या पानाच्या तळाशी चालू वर्ष दिसले, म्हणून तुम्ही निश्चिंत झालात. परंतु ते वर्ष पुष्कळदा आपोआप बदलते आणि मजकुराशी त्याचा काही संबंध नसतो. त्याच पानावर भोपाळमधल्या एका स्थानकाचे नाव ‘हबीबगंज’ आहे, आणि ते तर नोव्हेंबर २०२१ मध्येच राणी कमलापती झाले. बोलण्यात जुने नाव अजून चालते, वेळापत्रकात चालत नाही, तेव्हा हा मजकूर बहुधा त्याआधीचा. अशी शंका आली की पानावरच्या दोन-तीन लिंक उघडून पाहाव्यात: ‘404’ म्हणजे पान सापडत नसल्याचा संदेश दिसला, किंवा प्रत्येक लिंक मुखपृष्ठावरच नेऊन सोडू लागली, तर तिकडे बरेच दिवस कोणी फिरकलेले नाही. जुनाट रूप मात्र कच्चा पुरावा समजावा, कारण कित्येक सरकारी पाने दिसायला जुनी असूनही आतली माहिती ताजी असते.