दुसऱ्याच मेसेजमध्ये ‘पॅकेज किती?’ असं विचारलं तर काय सांगावं?

“मी 29 वर्षांचा, मूळचा नाशिकचा, पुण्यात नोकरीला. विवाहाच्या ॲपवर एका मुलीशी बोलणं सुरू झालं आणि दुसऱ्याच मेसेजमध्ये तिने विचारलं, ‘पॅकेज किती आहे तुमचं?’ मी काहीतरी गुळमुळीत लिहिलं आणि बोलणं तिथेच थांबलं. अशा वेळी अवघडून न जाता काय उत्तर द्यावं?”

आकडा सांगा, पण तो कसला आकडा आहे हेही त्याच वाक्यात सांगा. मी गेली अकरा वर्षं एका कंपनीत पगारपत्रकं बनवते आणि मागच्या वर्षी धाकट्या भावाची स्थळं बघताना घरातली बरीचशी बोलणी माझ्याकडेच होती. त्यामुळे हे दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे. अवघडलेपण प्रश्नामुळे फार थोडं येतं. ‘पॅकेज’ या शब्दाचा अर्थ विचारणारा एक धरतो आणि सांगणारा दुसरा, खरी अडचण तिथे होते.

भावाचंच सांगते. एका मुलीच्या वडिलांनी फोनवर पाचव्या मिनिटाला विचारलं, “पगार किती म्हणायचा?” भाऊ म्हणाला, “काका, बाराचं पॅकेज आहे.” काकांनी सरळ बाराला बाराने भागलं आणि महिना एक लाख धरला. दुसऱ्या भेटीत फ्लॅटच्या हप्त्याचा विषय निघाला, तेव्हा भाऊ सहज बोलून गेला की हातात साडेसत्त्याहत्तर हजार येतात. समोरच्यांचे चेहरेच बदलले. भाऊ खोटं बोलला नव्हता, पण त्यांना फसवल्यासारखं वाटलं आणि ते स्थळ मोडलं. मला फार वाईट वाटलं, कारण मुलगी आम्हा सगळ्यांना मनापासून आवडली होती.

आता हे साडेबावीस हजार गेले कुठे ते बघा. ऑफर लेटरमधल्या 12 लाखांत 1,20,000 व्हेरिएबल होतं, म्हणजे वर्षाअखेरीस कामगिरी बघून मिळणारं, कधी पूर्ण तर कधी निम्मं. भावाचा बेसिक 40,000, त्यावर कंपनीच्या वाट्याचा पीएफ 12 टक्क्यांनी महिना 4,800, वर्षाचा 57,600. ग्रॅच्युइटीपोटी सुमारे 23,100 धरलेले, जे सहसा पाच वर्षं पूर्ण झाल्याशिवाय हाती येत नाहीत. आरोग्य विम्याचा हप्ता 9,300. हे सगळे मिळून 2,10,000 होतात. उरले 9,90,000, म्हणजे महिना 82,500. त्यातून भावाच्या स्वतःच्या वाट्याचा पीएफ 4,800 आणि महाराष्ट्रातला व्यवसाय कर 200 वजा केला की 77,500. प्राप्तिकर इथे शून्य आहे, कारण 2025-26 पासून नव्या करप्रणालीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत कर लागत नाही. उत्पन्न त्याहून जास्त असेल तर करही वजा होतो आणि पॅकेज आणि हातातली रक्कम यांतलं अंतर आणखी वाढतं.

पुढच्या स्थळाच्या वेळी आम्ही भावाचं उत्तर बदललं. मुलीने चॅटवर तिसऱ्या-चौथ्या मेसेजला विचारलं आणि त्याने लिहिलं:

“हातात महिना साधारण 77-78 हजार येतात. कागदावर पॅकेज 12 लाख आहे, त्यात व्हेरिएबल आणि पीएफ धरलेला आहे. तुमचं काम कसं चाललंय? तुमच्याकडे पगार कसा आहे, तेही सांगायला हरकत नसेल तर सांगा.”

एवढंच. तिने तिचा आकडा सांगितला आणि मग बोलणं तिच्या शिफ्टच्या वेळांवर गेलं.

दोन्ही आकडे सांगण्याला आणखी एक कारण आहे. ॲपच्या प्रोफाइलमध्ये ‘वार्षिक उत्पन्न’ या रकान्यात बहुतेकजण पॅकेज धरून ‘10 ते 15 लाख’ निवडतात. तुम्ही नुसतं साडेसत्त्याहत्तर हजार म्हणालात तर समोरची व्यक्ती ते बाराने गुणते, 9,30,000 येतात आणि प्रोफाइल खोटं वाटतं. नुसतं 12 लाख म्हणालात तर आमच्या काकांसारखा हिशोब होतो. दोन्ही एकत्र सांगितले की पुढे खुलासा करायची वेळ येत नाही. जॉइनिंग बोनस मात्र यात धरू नका, तो पुन्हा मिळायचा नाही.

तुमचं गुळमुळीत उत्तर नक्की काय होतं ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण अशा वेळी लोक “व्यवस्थित भागतं” किंवा “तुमची अपेक्षा किती आहे?” असं लिहितात. पहिल्याने लपवालपवीचा वास येतो आणि दुसऱ्याने घासाघीस सुरू झाल्यासारखी वाटते. “मला पैशापेक्षा माणूस महत्त्वाचा वाटतो” हे तर विचारणाऱ्यावरच ठपका ठेवणं झालं. मुलीचा विचार करा. लग्न झाल्यावर ती शहर सोडणार असेल, कदाचित नोकरीही सोडावी लागणार असेल, तर घर किती पैशांत चालवायचं हे तिने आधी विचारणं मला अगदी रास्त वाटतं. उत्तर द्यायला दोन दिवस लावले तरीही संशय येतोच, म्हणून वाक्य आधीच लिहून ठेवा.

समोरची व्यक्ती अजून पूर्ण अनोळखी असेल, ना आवाज ऐकलेला ना चेहरा पाहिलेला, तर नेमका आकडा द्यायची गरज नाही. पट्टा सांगा: “हातात 70 ते 80 हजारांच्या दरम्यान. एकदा फोनवर बोलू, मग नीट सांगतो.” पट्टा दहा हजारांपेक्षा रुंद ठेवू नका, “50 ते 90” म्हणजे काहीच न सांगणं. आणि त्यात तुमचा खरा आकडा मधोमध असू द्या. वरच्या टोकाकडे झुकवलेला पट्टा पुढे सॅलरी स्लिप बघताना लक्षात येतोच.

त्यानंतर काय विचारलं जातं तिकडे लक्ष ठेवा. आकडा ऐकून समोरची व्यक्ती स्वतःचंही सांगते किंवा घर, गाव, काम यांकडे वळते, तर प्रश्न साधा होता. पण लागोपाठ “फ्लॅट कुणाच्या नावावर? कर्ज किती? बँकेत शिल्लक किती?” असं येऊ लागलं, तर “हे दोन्ही घरची माणसं बसतील तेव्हा बोलू” असं सांगून थांबा. सॅलरी स्लिप, फॉर्म 16, पॅन किंवा बँकेचं स्टेटमेंट चॅटवर कुणालाही पाठवायचं नाही. पगार कळल्याबरोबर कुणी गुंतवणुकीची लिंक पाठवली तर बोलणं तिथेच बंद करा आणि पैसे गेलेच तर लगेच 1930 वर तक्रार करा.

धंदा किंवा शेती असेल तर हेच सूत्र, फक्त शब्द वेगळे. माझ्या मावसभावाचं हार्डवेअरचं दुकान आहे. तो आधी उलाढाल सांगायचा, आता सांगतो, “सगळा खर्च जाऊन वर्षाला सात-आठ लाख सुटतात, पावसाळ्यात धंदा मंद असतो.” शेतीत एका वर्षाचा आकडा फसवा असतो, म्हणून गेल्या तीन वर्षांतलं चांगलं आणि वाईट, दोन्ही वर्षं सांगावीत.

तुमच्या बाबतीत बोलणं थांबून फार दिवस झाले नसतील, तर अजूनही लिहा: “त्या दिवशी पगाराचं नीट सांगितलं नाही. हातात इतके येतात, पॅकेज इतकं आहे.” माफी मागत बसू नका, लांबलचक कारणंही देऊ नका. आणि आकडा लिहिण्याआधी मागच्या तीन महिन्यांच्या स्लिपा काढून ‘नेट पे’ची ओळ बघा. एखाद्या महिन्यात ओव्हरटाइम किंवा थकबाकी आलेली असते आणि आपण तोच मोठा आकडा लक्षात ठेवलेला असतो.