घसादुखीत चघळायची गोळी, स्प्रे की पॅरासिटामॉल?

प्रश्न: तीन दिवस घसा दुखतोय, जेवताना जास्त. सर्दी आणि बारीक तापही आहे. चघळायच्या गोळ्या दिवसभर चालू आहेत, सर्दीची गोळी तीन वेळा घेते, मेडिकलवाल्याने स्प्रेही दिलाय. घरात ६५०ची पॅरासिटामॉल आहे, तीही सुरू करू का? वय ४२, दुसरा काही आजार नाही.

उत्तर: करा, पण आधी सर्दीच्या गोळीची स्ट्रिप उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचा. आपल्याकडच्या बऱ्याच सर्दीच्या गोळ्यांमध्ये पॅरासिटामॉल असतंच, कधी ३२५ तर कधी ५०० मिलिग्रॅम. बाकीचं म्हणजे नाक मोकळं करणारं आणि झोप आणणारं औषध. तुमची गोळी ५००ची असेल तर तीन गोळ्यांचं झालं १५००. त्यावर ६५०च्या चार घेतल्या की आणखी २६००. एकूण ४१००. निरोगी प्रौढ माणसासाठी २४ तासांची कमाल मर्यादा ४००० आहे, म्हणजे एकही गोळी 'जास्त' न घेता तुम्ही ती ओलांडली. मी औषधांच्या दुकानात काउंटरमागे बरीच वर्षं काढली आहेत. स्वतःहून मुद्दाम जास्त डोस घेणारे थोडेच, पण एकच औषध दोन नावांनी घेणारे रोजचे. यकृताला त्रास झाला तरी पहिल्या दिवशी फारसं काही जाणवत नाही, फार तर मळमळतं, आणि ती आपण तापावरच ढकलतो.

म्हणून असं करा. दिवसा सर्दीची गोळी बंद. ६५०ची एक गोळी जेवणाआधी अर्धा-पाऊण तास घ्या, म्हणजे घास गिळायच्या वेळी ती कामाला लागलेली असेल. दोन गोळ्यांत सहा तासांचं अंतर ठेवा. नाक फारच गळत असेल तर रात्रीच्या ६५०च्या जागी सर्दीची गोळी घ्या, दोन्ही एकत्र नकोत. वजन ५० किलोच्या आत असेल, रोजचं मद्यपान असेल किंवा यकृताचा आजार असेल तर हा हिशोब लागू नाही, डॉक्टरांना विचारूनच डोस ठरवावा.

आयब्युप्रोफेन गिळतानाच्या दुखण्यावर छान चालतं, हे खरं. पण पावसाळ्यात ताप असताना मी ते स्वतःहून घ्यायला सांगत नाही. तो ताप डेंग्यूचा निघाला तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा आजार, रक्त पातळ करणारी गोळी, दमा किंवा गरोदरपण असेल तरीही नको.

आता चघळायच्या गोळ्या. त्या चावायच्या नसतात, तोंडात हळूहळू विरघळू द्यायच्या. कडाकडा फोडून गिळली तर औषध घशाला न लागता थेट पोटात जातं. बराचसा आराम तर नुसती लाळ सुटल्यानेच मिळतो, त्यामुळे मधल्या वेळेला कोमट पाणी किंवा खडीसाखरही चालते. साध्या जंतुनाशक गोळ्या दोन-तीन तासांनी एक, यापेक्षा जास्त नकोत. पाकिटावर फ्लर्बिप्रोफेन लिहिलं असेल तर प्रकरण वेगळं. ते आयब्युप्रोफेनच्याच घरातलं औषध, दिवसाला पाचच्या वर नाही आणि तीन दिवसांच्या पुढे नाही. मेंथॉलचा गारवा तेवढ्यापुरता छान, पण त्याने सूज उतरत नाही. मधुमेह असणाऱ्यांनी साखरेचा अंदाज घ्यावा. सहा वर्षांखालच्या मुलांना या गोळ्या देऊच नका, श्वासनलिकेत अडकते.

स्प्रेच्या बाटलीवर काय लिहिलंय त्यावर सगळं. बेंझिडामिन असेल तर ते सूज आणि वेदना दोन्ही थोडी कमी करतं. सुरुवातीला जरा चुरचुरेल. लिग्नोकेन किंवा बेंझोकेन असेल तर घसा बधिर होतो. मारताना श्वास रोखून धरा, नाहीतर फवारा खाली उतरतो आणि ठसका लागतो. बधिरपणा असेपर्यंत चहासुद्धा नको. भाजलेलं कळत नाही आणि घास चुकीच्या वाटेला जातो. स्प्रे मारून लगेच जेवायला बसणारे नेमकं हेच करतात. बेंझोकेन लहान मुलांना नकोच. त्याच्या जास्त वापराने रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते, ओठ निळसर पडतात. माझं मत विचाराल तर तुमच्या दुखण्याला स्प्रेची गरज नाही. रात्री कोरड्या घशाने जाग येत असेल तर त्या वेळेपुरता ठेवा.

नेहमीची विषाणूजन्य घसादुखी साधारण आठवड्यात बरी होते. ॲझिथ्रोमायसिनची पट्टी स्वतःहून आणू नका, विषाणूवर तिचा उपयोग नाही. उलट खोकला-सर्दी नसताना जोराचा ताप, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आणि मानेत दुखऱ्या गाठी आल्या तर डॉक्टरांना दाखवा, विशेषतः शाळकरी मूल असेल तर. तो संसर्ग जिवाणूंचा असू शकतो आणि उपचार अर्धवट राहिले तर पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपांना इजा होऊ शकते. ताप तीन दिवसांवर गेला तरी दाखवायचंच, म्हणजे तुमच्याबाबतीत उद्या तपासून घ्या. एकाच बाजूला जास्त दुखतंय, तोंड नीट उघडत नाही, आवाज घोगरा-दबका झालाय, स्वतःची थुंकीही गिळवत नाही किंवा श्वास घ्यायला त्रास होतोय, तर उद्याची वाट न बघता लगेच हॉस्पिटल गाठा.