घाईतल्या ओव्हरच्या मेसेजवरून चांगली नोट कशी लिहावी?

प्रश्न: आमच्या वॉर्डात ड्यूटी बदलताना ग्रुपवर पटकन मेसेज टाकतो आणि नंतर त्यावरून ओव्हर बुक लिहितो. इन्चार्ज सिस्टर म्हणतात माझी नोट प्रोफेशनल वाटत नाही, इंग्रजी सुधार. अशा मेसेजचं चांगल्या नोटमध्ये रूपांतर कसं करायचं? काही ठरावीक वाक्यं आहेत का?

उत्तर:

ठरावीक वाक्यं आहेत आणि तीच घात करतात. 'जनरल कंडिशन फेअर, व्हायटल्स स्टेबल, टॉलरेटिंग ओरली, टू मॉनिटर.' एवढी चार पाठ केलीत तर तुमच्या इन्चार्ज सिस्टर खूश होतील. मला मात्र त्यातल्या एका वाक्यापायी मेमो मिळालाय.

२०१६ सालची गोष्ट. मेल सर्जिकल वॉर्ड, चौतीस बेड, ईव्हिनिंगला आम्ही दोघी. सीनियर सिस्टरचं इंग्रजी उत्तम, म्हणून ओव्हर बुक लिहायचं काम कायम त्यांच्याकडे. बाकीच्यांनी आपापल्या पेशंटचं ग्रुपवर टाकायचं आणि त्यांनी ते 'नीट करून' बुकात उतरवायचं, अशी पद्धत पडली होती. इन्स्पेक्शन जवळ आलं होतं आणि बुक देखणं दिसायला हवं होतं.

सात नंबरवर साठीचे एक काका होते. डायबेटिक फूट, उजव्या पायाची जखम, दुसऱ्या दिवशी सकाळी डिब्राइडमेंट, रात्री बारापासून एनबीएम. संध्याकाळी साडेसातला एचजीटी केलं तर ३१२. केस पेपरवर स्केल लिहिलेलं होतं, त्याप्रमाणे ७.४० ला रेग्युलर इन्सुलिन ८ युनिट दिलं. दहा मिनिटांत जेवणाची ट्रॉली आली. काकांनी दोन घास खाल्ले आणि भडाभडा उलटी केली. हाउसमनना फोन लावला, ते ओटीत होते, उचलला नाही. तेवढ्यात एकोणीस नंबरचा पेशंट खराब झाला आणि त्याला घेऊन मला आयसीयूला पळावं लागलं. लिफ्टमध्ये, एका हाताने ऑक्सिजनचा सिलिंडर धरून, मी हा मेसेज टाकला:

'७ शुगर ३१२ होती इन्सु ८ दिलं ७.४०. २ घास खाल्ले मग उलटी. हाउसमन फोन उचलत नाही. १० ला बघा'

गबाळा मेसेज आहे, कबूल. आता त्याची बुकातली आवृत्ती वाचा. मूळ इंग्रजीत होती, मी देवनागरीत देते:

'पेशंट कॉन्शस, ओरिएंटेड. हायपरग्लायसेमिया नोटेड, इन्सुलिन गिव्हन अॅज पर ऑर्डर. टॉलरेटिंग ओरली. व्हायटल्स स्टेबल. एनबीएम फ्रॉम ट्वेल्व्ह मिडनाइट. टू मॉनिटर ब्लड शुगर.'

कसं भारदस्त वाटतं! दोन घास आणि एक उलटी याचं झालं 'टॉलरेटिंग ओरली', म्हणजे पेशंट तोंडाने नीट खातोय. आठ युनिट गेले, ७.४० गेलं, न उचललेला फोन गेला, आणि 'दहाला बघा' याचं झालं 'टू मॉनिटर'. कधी, कुणी, ते कुठेच नाही. व्हायटल्स स्टेबल तर मी लिहिलेलंच नव्हतं. ते त्यांनी सवयीने घातलं.

नाइटच्या सिस्टर आठला आल्या, बुक वाचलं आणि सीनियर सिस्टरकडून तोंडी ओव्हर घेतला. सीनियर सिस्टरनी सात नंबरला पाहिलंच नव्हतं, त्यांनी बुकातलंच वाचून दाखवलं. नाइटवाल्या सिस्टरनी 'टू मॉनिटर'चा अर्थ नेहमीचा लावला, म्हणजे सकाळी सहाची शुगर. त्यांची काय चूक?

रेग्युलर इन्सुलिन त्वचेखाली दिलं की अर्ध्या तासात लागू व्हायला लागतं, दोन ते चार तासांत त्याचा जोर सगळ्यात जास्त असतो आणि सहा-आठ तास ते काम करतं. ७.४० ला दिलं म्हणजे पावणेदहा ते पावणेबारा हा धोक्याचा काळ. पोटात अन्न नाही. त्यात काकांचं क्रिएटिनिन २.१, आणि किडनी कमी चालत असली की इन्सुलिन अंगात जास्त वेळ रेंगाळतं. साडेअकराला काकूंनी काउंटरवर येऊन सांगितलं, 'सिस्टर, ह्यांना घाम फुटलाय, काहीतरी असंबद्ध बोलतायत.' एचजीटी ४१. पंचवीस टक्के डेक्स्ट्रोजचे १०० मिली शिरेतून गेले, पंधरा मिनिटांनी शुगर ११८ आली. काका शुद्धीत येऊन पहिलं वाक्य बोलले ते, 'जेवण आलं का?' नशीब.

मेमो मला आला. 'ईव्हिनिंग स्टाफने पूर्ण ओव्हर दिला नाही.' मी मोबाइल काढून मेसेज दाखवला. इन्चार्ज म्हणाल्या, 'मेसेज म्हणजे रेकॉर्ड नाही, बुक म्हणजे रेकॉर्ड.' आणि बुक तर सुंदर होतं.

म्हणून सांगते, मेसेजची नोट करायची म्हणजे इंग्रजी सुधारायचं असं नाही. मेसेजमधल्या एकेका शब्दाला प्रश्न विचारायचे. 'दिलं', तर कोणतं, किती, कुठून, किती वाजता? 'उलटी', तर किती वेळा, औषधाच्या आधी की नंतर? 'बघा', तर काय बघा, कुणी बघा आणि काय दिसलं तर कुणाला बोलवा? 'सांगितलं', तर कुणाला, किती वाजता आणि ते काय म्हणाले? उत्तर मेसेजमध्ये असेल तर नोटमध्ये जसंच्या तसं घ्या. नसेल तर पाठवणाऱ्याला फोन करा. फोन लागला नाही तर 'माहिती मिळाली नाही' असं लिहा. रिकाम्या जागी आपल्या मनाचं 'स्टेबल' भरू नका.

सात नंबरची नोट मी आज अशी लिहीन (तुमच्याकडे इंग्रजीत लिहायची पद्धत असेल तर हेच इंग्रजीत):

'बेड ७, पूर्ण नाव, आयपीडी नंबर. उजव्या पायाची डायबेटिक जखम, उद्या सकाळी डिब्राइडमेंट, रात्री १२ पासून एनबीएम. क्रिएटिनिन २.१ (आजचा रिपोर्ट).

सायं. ७.३० एचजीटी ३१२. केस पेपरवरील स्केलप्रमाणे रेग्युलर इन्सुलिन ८ युनिट त्वचेखाली, ७.४० ला दिलं. ७.५० ला जेवण: दोन घास, त्यानंतर एक उलटी. इन्सुलिन दिलं आहे, जेवण झालेलं नाही.

७.५५ हाउसमनना फोन, उचलला नाही (ओटीत). डॉक्टरांना अजून कळवलेलं नाही.

बाकी काम, नाइट स्टाफ: (१) हाउसमनना लगेच कळवणे, जेवण न झाल्यामुळे पुढे काय करायचं ते विचारणे. (२) एचजीटी रात्री १० ला. (३) त्याआधी घाम, थरथर, असंबद्ध बोलणं दिसल्यास लगेच एचजीटी, ७० च्या खाली आल्यास वॉर्ड प्रोटोकॉलप्रमाणे उपचार आणि डॉक्टरांना बोलावणे.'

यातलं क्रिएटिनिन माझ्या मेसेजमध्ये नव्हतं. ते त्या दिवशीच्या रिपोर्टवरून आलं, म्हणून तसं लिहिलंय. ७० चा आकडा प्रोटोकॉलमधून आला. बाहेरून काही घालायचं तर कुठून घेतलं ते दिसलं पाहिजे. मेसेजमध्ये फक्त बेड नंबर चालतो, उलट ग्रुपवर पेशंटचं नाव टाकूच नये. नोटमध्ये मात्र नाव आणि आयपीडी नंबर हवाच, कारण रात्रीत बेड बदलतात आणि सात नंबरचे काका सकाळी बारा नंबरवर सापडतात.

'युनिट' हा शब्द पूर्ण लिहा. आकड्यापुढे नुसतं इंग्रजी यू अक्षर काढलं की घाईत ते शून्यासारखं दिसतं आणि आठाचे ऐंशी होतात. एवढं एक जरी पाळलंत तरी तुमची नोट माझ्या मते प्रोफेशनल.

एसबीएआरबद्दल कुणीतरी सांगेलच, म्हणून आधीच बोलते. परिस्थिती, पार्श्वभूमी, आपला अंदाज आणि काय हवंय अशा चार खान्यांत सांगायची, अमेरिकी नौदलातून आलेली ती पद्धत डॉक्टरला फोन करताना फार उपयोगी आहे. पण सतरा पेशंटचा ओव्हर चारही खाने भरून लिहायला बसलात तर शेवटच्या पाचांचं कुणीच वाचत नाही. ज्याचं काही बदललंय किंवा ज्याचं काम बाकी आहे त्याचं सविस्तर लिहा. ज्याचं काहीच बदललेलं नाही त्याला एक ओळ पुरे. पण ती ओळसुद्धा मोजलेली हवी. 'स्टेबल' नको, 'सायं. ६ ला बीपी १२४/८०, पल्स ८४' असं.

आता थोडं माझ्याच विरुद्ध. मेसेज लिफ्टमधून टाकला तो टाकला, पण आयसीयूतून परत आल्यावर सव्वाआठला मी नाइटवाल्या सिस्टरना बेडपाशी नेऊन सांगायला हवं होतं. मी बॅग उचलून ८.४० ची लोकल पकडली. नोट कितीही चांगली असली तरी इन्सुलिन, रक्त चढवणं, ऑपरेशन आणि 'डॉक्टरांना अजून कळवलेलं नाही' या गोष्टी पेशंटच्या उशाशी उभं राहून तोंडी सांगायच्या आणि समोरच्याकडून परत वदवून घ्यायच्या. तसंच, घरी गेल्यावर काही आठवलं तर फोन करा, आणि बुकात नंतर लिहायचं झालं तर लिहिण्याची खरी वेळ टाकून 'उशिरा नोंद' असं लिहा. मागची वेळ घालू नका. चुकलेल्या ओळीवर एकच रेघ आणि सही, व्हाइटनर नको. आणि तुमच्या हॉस्पिटलचा स्वतःचा फॉर्म असेल तर तोच वापरा. माझ्या शब्दावर इन्चार्ज सिस्टरशी भांडायला जाऊ नका, मी ते करून पाहिलंय.

त्या सीनियर सिस्टर आता रिटायर झाल्या. मागच्या वर्षी एका लग्नात भेटल्या. पंगतीत माझ्या शेजारी बसून म्हणाल्या, 'काय गं, अजून बुकात पेशंटच्या उलट्या मोजत बसतेस का?' मी म्हटलं, 'हो सिस्टर. आणि घाससुद्धा.'